इतिवृत्त कुठे, हिशेब कुठे?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप येतो: ‘सर्व कागदपत्रं ड्राइव्हवर टाकली आहेत, लिंक खाली दिली आहे.’ दोन दिवसांत वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली ती लिंक गाडली जाते. महिन्याभराने कुणीतरी मेंटेनन्स का वाढला असं विचारतं, आणि पुन्हा तीच लिंक मिळते. लिंक उघडली की ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या चाळीस फाइली समोर येतात. असं झालं म्हणजे कागदपत्रं सभासदांना दिली गेली, असं मी मानत नाही. कुठला कागद कुठे आहे आणि तो कच्चा आहे की पक्का, हे सांगणारी सूचना सोबत असायलाच हवी.

सभासदाला हे कागद पाहण्याचा कायदेशीर हक्क आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सर्वसाधारण सभांची आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं सभासदाला पाहता येतात. लेखी अर्ज करून आणि शुल्क भरून प्रतीही घेता येतात. ड्राइव्हवरच्या फोल्डरमुळे हा हक्क बजावणं सोपं होतं इतकंच. सह्यांचं इतिवृत्ताचं पुस्तक कपाटात राहतं आणि मूळ कागद तेच असतं. म्हणून कार्यालयाची वेळही सूचनेत हवी, कारण ज्या आजी-आजोबांकडे साधा फोन आहे तेही सभासदच आहेत.

आता उदाहरणासाठी ४८ सदनिकांची एक सोसायटी धरू. तिच्या सेक्रेटरींनी लावलेली सूचना अशी असावी:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेच्या सामाईक फोल्डरमध्ये “इतिवृत्त” आणि “हिशेब” असे दोन भाग आहेत. प्रत्येक भागात आर्थिक वर्षानुसार कप्पे आहेत. फाइलच्या नावात आधी सभेची तारीख, मग सभेचा प्रकार आणि शेवटी “मसुदा” किंवा “अंतिम” असे लिहिले आहे, उदा. “२०२५-०९-१४ वार्षिक सभा अंतिम”. हिशेबाच्या कप्प्यात लेखापरीक्षकांच्या सहीचा ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, परिशिष्टे आणि लेखापरीक्षण अहवाल एकाच फाइलमध्ये आहेत. सभासदांची वैयक्तिक थकबाकी व फोन क्रमांक या फोल्डरमध्ये नाहीत. कागदी प्रती रविवारी सकाळी १० ते १२ कार्यालयात पाहता येतील.’

यातले ‘मसुदा’ आणि ‘अंतिम’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा समितीने तीन महिन्यांच्या आत तयार करायचा असतो. मग तो सभासदांकडे जातो आणि त्यावर हरकत किंवा दुरुस्ती कळवायला पंधरा दिवस मिळतात. ‘ठराव एकमताने मंजूर’ असं मसुद्यात असेल आणि आपण सभेत विरोध नोंदवला असेल, तर ते सेक्रेटरींना लेखी कळवण्याची हीच वेळ. म्हणूनच अंतिम प्रत आली तरी मसुदा पुसू नये. दोन्ही शेजारी राहिले तर काय बदललं ते कुणालाही ताडून पाहता येतं.

अशा सूचनेचा खरा उपयोग प्रश्न पडल्यावर कळतो. समजा एका सभासदाचं मासिक बिल ऑक्टोबर २०२४ पासून २५० रुपयांनी वाढलं. पहिला शोध इतिवृत्तात. वाढ ऑक्टोबरपासूनची, म्हणजे ठराव त्याआधीच्या सभेत असणार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, त्यामुळे ‘२०२४-२५’ च्या कप्प्यात सप्टेंबरची फाइल उघडायची. २२ सप्टेंबर २०२४ च्या सभेत दुरुस्ती निधीची वर्गणी दरमहा ३०० वरून ५५० करण्याचा ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह सापडतो. कारणही तिथेच लिहिलेलं आहे: गच्चीचं वॉटरप्रूफिंग.

दुसरा शोध हिशेबात, आणि इथे बहुतेकांची वाट चुकते. ते उत्पन्न-खर्च पत्रक उघडतात, तिथे ही रक्कम दिसत नाही आणि शंका घेतात. दुरुस्ती निधी हे संस्थेचं उत्पन्न नसतं. सभासदांकडून ठरावीक कामासाठी घेतलेला तो पैसा असतो, म्हणून तो ताळेबंदात देण्यांच्या बाजूला असतो. पहिल्या सहा महिन्यांत ३०० रुपयांप्रमाणे ४८ घरांचे ८६,४०० झाले, पुढच्या सहा महिन्यांत ५५० प्रमाणे १,५८,४००. मिळून २,४४,८००. निधीची आरंभीची शिल्लक ४,१०,००० होती आणि गच्चीचे १,९५,००० निधीतून दिले गेले, तर ३१ मार्च २०२५ ला निधी ४,५९,८०० दिसायला हवा. परिशिष्टात हाच आकडा असेल तर ठराव आणि हिशेब जुळले.

पण तेवढ्यावर थांबू नये. निधीत रक्कम जमा होते ती बिल काढल्यावर. पैसे हातात आलेले असोत वा नसोत. म्हणून समोरच्या बाजूला बँकेतल्या ठेवी आणि सभासदांची येणी हेही वाचावं. निधी साडेचार लाखांचा, ठेवी दोन लाखांच्या आणि येणी मोठी, असं चित्र असेल तर कागदावरचा निधी उद्याच्या कामाला पुरणार नाही. हा प्रश्न वार्षिक सभेत जरूर विचारावा.

फोल्डर उघडतानाच अडणारे सभासदही बरेच असतात. फोनवर ‘You need access’ असं आलं, तर बहुधा सेक्रेटरींच्या यादीत एक जीमेल पत्ता आहे आणि फोन दुसऱ्याच खात्याने उघडला आहे. वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदलून पाहावं. यादीत पत्ताच नसेल तर ‘Request access’ दाबावं आणि सेक्रेटरींना सदनिका क्रमांक कळवावा. ही कटकट टाळायला काही संस्था ‘Anyone with the link’ ही सोय चालू ठेवतात. मग ती लिंक भाडेकरू, दलाल, कुणाच्याही हाती गेली तरी उघडते. माझ्या मते यादी करण्याचे श्रम घ्यावेत. सभासदांना ‘Viewer’ इतकाच अधिकार द्यावा. त्यांना वाचता येतं, उतरवून घेता येतं, पण पुसता किंवा बदलता येत नाही. ‘Editor’ अधिकार सेक्रेटरी आणि खजिनदारांपुरता पुरे.

सूचनेत दिसत नाही अशी एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी लागते: फोल्डर कुणाच्या खात्यावर आहे? तो सेक्रेटरींच्या खासगी जीमेलवर असेल तर घर विकून ते गेले की फोल्डरही त्यांच्याबरोबर जातो. दुसऱ्याने त्यात चढवलेली फाइलसुद्धा चढवणाऱ्याच्याच मालकीची राहते. त्याने ती पुसली तर सगळ्यांसाठीच जाते. कचऱ्याच्या डब्यातून ती परत आणायला तीस दिवसच मिळतात. म्हणून संस्थेच्या नावाने वेगळं खातं उघडावं, सगळ्या फाइली त्याच खात्यातून चढवाव्यात आणि वर्षातून एकदा पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवावा. समिती बदलते तेव्हा दप्तर हस्तांतराच्या यादीत या खात्याचीही नोंद हवी. त्याच बैठकीत नव्या सेक्रेटरींनी पासवर्ड बदलावा आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांकही बदलून घ्यावा. तो जुन्या सेक्रेटरींचाच राहिला, तर नवा पासवर्ड विसरल्यावर ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो.