नेट गेलं तरी घड्याळ चालूच

30 ऑगस्ट 2020. पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा अंतिम सामना, भारत विरुद्ध रशिया. प्रत्येक संघात सहा जण आणि त्यांत एक मुलगा, एक मुलगी वीस वर्षांखालची. भारताकडून ती मुलगी होती नागपूरची दिव्या देशमुख. वय 14, म्हणजे शाळकरीच. पहिली लढत 3-3 अशी सुटली. दुसऱ्या लढतीत डाव ऐन रंगात असताना दिव्याचं आणि निहाल सरीनचं कनेक्शन तुटलं. घड्याळ थांबलं नाही, वेळ संपली, दोघंही हरले आणि लढत रशियाने 4.5-1.5 अशी जिंकली. भारताने अपील केलं. त्या दिवशी इंटरनेटचा मोठा बिघाड अनेक देशांत झालेला होता. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं.

पण त्याच स्पर्धेत दोन दिवस आधी उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ आर्मेनियाशी पडली होती. तिथे निहालचाच प्रतिस्पर्धी हाइक मार्तिरोस्यान याचं कनेक्शन गेलं आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं आणि त्या संघाने स्पर्धा सोडली. एका संघाला सुवर्ण, दुसऱ्याच्या वाट्याला माघार. फरक कुठे होता? एका ठिकाणी एका खेळाडूची लाइन गेली होती आणि दुसऱ्या ठिकाणी जगभरचा बिघाड होता. हा फरक मला पटतो. तरीही तो निकाल लागल्यावर समजावून सांगणं आणि स्पर्धेआधी कागदावर लिहून ठेवणं यांत फार अंतर आहे. शाळेच्या बुद्धिबळ मंडळाने ऑनलाइन स्पर्धा ठेवताना हा कागद आधी तयार करायचा असतो. तो कसा करावा, त्याबद्दल हा लेख.

डोळ्यांसमोर एक साधी स्पर्धा धरू. पाचवी ते दहावीची सोळा मुलं, लिचेस हे मोफत संकेतस्थळ, स्विस पद्धतीच्या पाच फेऱ्या, प्रत्येकाला दहा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंदांची भर. साठ चालींचा लांबलचक डाव धरला तरी दोघांची मिळून वीस मिनिटं आणि भरीची दहा, म्हणजे अर्धा तास. मधल्या विश्रांतीसकट रविवारची एक सकाळ पुरते.

पहिला नियम सगळ्यांत कठोर, आणि तो तसाच हवा: कनेक्शन गेलं तरी घड्याळ थांबणार नाही. यात पंचांच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही, कारण सर्व्हरवर चालू डाव थांबवण्याची सोय पंचांच्या हातात नसते. ती असती तरी मी हाच नियम केला असता. नेट खरंच गेलं, की अडचणीच्या स्थितीत विचाराला वेळ हवा म्हणून कुणी वायफाय बंद केलं, हे दूर बसलेल्या पंचाला ओळखता येत नाही. घड्याळ चालू राहिलं की ते ओळखायची गरजच संपते. बाहेर गेलेला प्रत्येक सेकंद ज्याच्या त्याच्या खात्यातून जातो आणि कुणाच्याही प्रामाणिकपणावर बोट ठेवावं लागत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू मुलांना मुद्दाम सांगावी लागते. घड्याळात वेळ शिल्लक आहे तोवर डाव जिवंत आहे. त्याच खात्याने पुन्हा आत यायचं, हवं तर दुसऱ्या फोनवरून, आणि पट होता त्या स्थितीत समोर येतो. पुष्कळ मुलं इथेच हरतात. नेट गेलं म्हणजे डाव गेला असं समजून ती उठून जातात.

आता समोरच्या खेळाडूकडे वळू, कारण खरी वादाची जागा तिथे आहे. प्रतिस्पर्धी गायब झाला की त्याच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका जातो. स्पर्धेबाहेरच्या साध्या डावात थोड्या वेळाने पडद्यावर संदेश येतो की प्रतिस्पर्धी डाव सोडून गेला आहे, आणि खाली `Claim victory` असं बटण दिसतं. ते दाबलं की डाव तिथेच संपतो, पूर्ण गुण मिळतो आणि ते परत फिरवता येत नाही. हे बटण अनोळखी माणसांमधल्या डावांसाठी चांगलं आहे, कारण तिथे हरता हरता पळून जाणारे असतात. स्विस स्पर्धेच्या डावांत मात्र ते येतच नाही, आणि ते बरंच आहे: दोन मुलांपैकी एकाने ते दाबलं असतं आणि दुसऱ्याने वाट पाहिली असती, तर एकाच प्रसंगाचे दोन निकाल लागले असते. दाबणाऱ्याला वर्गात बोलणी बसली असती, न दाबणाऱ्याला घरी. हा निर्णय मुलांवर नसलेलाच बरा. मी नियम असा लिहीन:

«प्रतिस्पर्ध्याचं कनेक्शन गेल्यास त्याचं घड्याळ संपेपर्यंत थांबायचं आणि लगेच पंचांना कळवायचं.»

यावर आक्षेप येतो की थांबणाऱ्याचा काय दोष? आक्षेप खरा आहे. पण थांबण्याला मर्यादा आहे आणि ती घड्याळानेच घालून दिलेली आहे. गेलेल्या खेळाडूची चालच येत नाही, त्यामुळे त्याला भरीचे सेकंदही मिळत नाहीत. त्याच्याकडे चार मिनिटं असतील तर चारच मिनिटं थांबायचं. आणि तेवढी चार मिनिटं थांबणाऱ्याला पटाकडे बघत विचार करायला फुकट मिळतात.

एक प्रसंग पूर्ण चालवून पाहू. तिसरी फेरी, बाविसावी चाल. पांढऱ्याकडून खेळणाऱ्या मुलीकडे चार मिनिटं वीस सेकंद आहेत, एक घोडा जास्त आहे, आणि चाल तिची आहे. लाइट जाते, राउटर बंद पडतो. ती आईचा फोन घेते, हॉटस्पॉट लावते, पुन्हा आत येते. यात दोन मिनिटं पन्नास सेकंद जातात. पट समोर येतो तेव्हा घड्याळात दीड मिनिट उरलेलं असतं. दर चालीला पाच सेकंद मिळत असल्याने ती खेळत राहते, पण घाईत हत्ती गमावते आणि हरते. घरून मेसेज येतो: घोडा जास्त होता, डाव जिंकलेलाच होता, निदान बरोबरी द्या.

निकाल कायम. पंचांनी स्थिती बघून गुण द्यायचे नाहीत, हा माझा दुसरा ठाम नियम. कारण साधं आहे. घोडा जास्त असलेला डाव शाळकरी मुलं जिंकतात तसे हरतातही, आणि संगणकाला विचारून दिलेला निकाल हा त्या मुलीच्या खेळाचा निकाल नसतो. शिवाय एकदा असा गुण दिला, की चांगल्या स्थितीत असताना कनेक्शन जाणं फायद्याचं ठरू लागतं. हळहळ वाटते हे खरंच. तिच्यावरचा उतारा मात्र निकालात शोधू नये, वेळेच्या आखणीत शोधावा. हाच डाव पंधरा मिनिटं आणि दहा सेकंदांचा असता, तर अंधारात गेलेल्या पावणेतीन मिनिटांनी तिचं एवढं बिघडलं नसतं. पण मग साठ चालींचा डाव पन्नास मिनिटांवर जातो आणि पाच फेऱ्या एका सकाळी बसत नाहीत. जिथे लाइट वारंवार जाते तिथे फेऱ्या कमी करून चारच ठेवाव्यात आणि घड्याळ मोठं ठेवावं, असं माझं मत आहे.

सार्वत्रिक बिघाडाचं कलम वेगळं लिहायचं. ऑलिम्पियाडच्या दोन निकालांतला फरक इथे आकड्यात बसवायचा: एका फेरीत एक तृतीयांश किंवा अधिक डावांत कुणाचं तरी कनेक्शन गेलं, किंवा सर्व्हरच बंद पडला, तर त्या फेरीतले असे बाधित डाव रद्द करून पुन्हा खेळवायचे. सोळा मुलांचे आठ डाव असतात, म्हणजे तीन डाव बाधित झाले की कलम लागू. मर्यादा हीच का, याला गणिती उत्तर नाही. महत्त्व एवढ्यालाच आहे की ती फेरी सुरू होण्याआधी लिहिलेली असावी, कारण नंतर कोणाची मुलं हरली आहेत हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

इथे यंत्राची एक अडचण आहे आणि ती आयोजकांच्या उशिरा लक्षात येते. स्विस स्पर्धेतला निकाल सर्व्हरवर आयोजकाला बदलता येत नाही. डाव पुन्हा खेळवायचा तर तो साधं आव्हान पाठवून स्पर्धेबाहेर खेळवावा लागतो आणि त्याचा गुण मंडळाच्या स्वतःच्या गुणपत्रकात लिहावा लागतो. म्हणून «अंतिम क्रमवारी मंडळाच्या गुणपत्रकावरून ठरेल» हे वाक्य नियमांत हवंच. तरीही पुढच्या फेरीच्या जोड्या सर्व्हर आपल्याकडच्या गुणांवरूनच लावतो, आणि मंडळाच्या हिशेबाने दोन गुणांवर असलेली मुलगी एक गुणवाल्याशी खेळते. असे एकदोन प्रसंग चालून जातात, जास्त झाले तर स्विसचा अर्थच जातो. पुन्हा खेळवण्याचं कलम इतकं अरुंद ठेवण्याचं हेही एक कारण आहे. फेऱ्यांची वेळ आपोआप न ठेवता प्रत्येक फेरी हाताने लावायचा पर्याय निवडावा, म्हणजे अपील निकालात निघेपर्यंत पुढची फेरी सुरू होत नाही.

फेरीच्या सुरुवातीलाच कनेक्शन नसेल तर नुकसान दुहेरी होतं. पहिली चालच न खेळणारा तो डाव हरतो आणि सर्व्हर त्याला पुढच्या फेऱ्यांतूनही काढून टाकतो. त्याला स्वतः परत `Join` करावं लागतं. मुलाला हे माहीत नसतं. दोन तासांनी तो विचारतो, माझा डाव का लागत नाही? म्हणून न खेळणाऱ्या एका मुलावर किंवा शिक्षकावर फोनची जबाबदारी द्यायची: फेरी सुरू झाल्यावर कोण आत नाही ते बघायचं आणि त्या घरी फोन लावायचा.

अपिलाला फार शब्द नकोत. फेरी संपल्यापासून दहा मिनिटांत, लेखी, वेळ दिसणाऱ्या स्क्रीनशॉटसह. निकाल देणारे तिघे, आणि त्यांत स्पर्धेतल्या कोणाचेही पालक नकोत. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहावी: कनेक्शन जाणं हा लबाडीचा पुरावा मानला जाणार नाही. ज्याच्या घरी रेंज धड येत नाही त्याचं नेट प्रत्येक फेरीत जाईल, आणि त्याच्याकडे संशयाने बघणं अन्यायाचं आहे. अशा मुलाला शाळेच्या संगणक कक्षातून खेळू द्यावं, आणि ही सोय मागण्याची तारीखही नियमांतच छापावी.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सरावाची एक फेरी ठेवायची. गुण नाहीत. पाचव्या चालीनंतर पांढऱ्याने वायफाय बंद करायचं, हॉटस्पॉटवरून परत यायचं आणि किती वेळ गेला ते ग्रुपवर टाकायचं. काळ्याने थांबायचं आणि पंचांना मेसेज करायचा. मग अदलाबदल. ज्याला परत यायला तीन मिनिटांहून जास्त लागतात, त्याच्या घरी त्याच रात्री फोन करायचा: पासवर्ड पाठ नाही, की हॉटस्पॉट देणारा फोन उद्या सकाळी घरात नसणार आहे?