कॅमेरा ओळखायचा तर त्याची पाठ बघा

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. भिंतीवर एक पांढरा बुलेट कॅमेरा, खाली प्रश्न: "हा कुठला? बंद पडलाय, असाच दुसरा हवाय." फोटो नेमका समोरून काढलेला असतो आणि गंमत म्हणजे समोरची बाजू जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याच प्लास्टिकच्या नळकांड्यात कंपन्या एक मेगापिक्सेलचा सेन्सर बसवतात, दोनचा बसवतात आणि पाचचाही. काचेमागचे लाल दिवे मोजून रिझोल्यूशन कळत नाही.

बोलते ती मागून निघणारी वायर. तिच्या टोकाला दोन तोंडं असतात. एक गोल पॉवरचं, बारा व्होल्टचा अडॅप्टर लावायचं. दुसरं खरं महत्त्वाचं. ते धातूचं, गोल, थोडं फिरवून अडकवायचं असेल तर ते बीएनसी, म्हणजे कॅमेरा अ‍ॅनालॉग आणि त्याला डीव्हीआर लागणार. लॅपटॉपला नेटची वायर लावतो तसं चौकोनी असेल तर कॅमेरा आयपी, त्याला एनव्हीआर. भिंतीतून आलेल्या वायरवर मात्र भरवसा ठेवू नका. अ‍ॅनालॉगला एरवी 'थ्री प्लस वन' केबल ओढतात, पण काही ठिकाणी नेटवर्कची केबल टाकून दोन्ही टोकांना बलून लावलेले असतात. वायर नेटची असली तरी कॅमेरा अ‍ॅनालॉगच असतो.

या दोन तोंडांमागे कामाची वेगळी वाटणी आहे. आयपी कॅमेरा चित्राचे आकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि मग पाठवतो. अ‍ॅनालॉग कॅमेरा चित्र न दाबता, विजेच्या लाटांच्या रूपात तारेत सोडतो. ते दाबून साठवायचं काम डीव्हीआरचं. जुन्या पद्धतीत चित्राच्या जेमतेम 576 ओळी जायच्या आणि रंगाचा सिग्नल उजेड-अंधाराच्या सिग्नलमध्येच मिसळलेला असायचा. दाहुआ कंपनीने 2012 मध्ये सीव्हीआय आणलं, पाठोपाठ टीव्हीआय आणि एएचडी आले. यांनी रंगाला वरच्या, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बसवलं. त्यामुळे त्याच तांब्याच्या तारेतून 1080 ओळींचं स्वच्छ चित्र जाऊ लागलं. जुन्या इमारतीची भिंत न फोडता! मला तर हे आयपीपेक्षाही जास्त थक्क करतं.

अडचण एवढीच की तिघांची बोली निराळी आहे आणि बीएनसी मात्र सगळ्यांची सारखीच. प्लग छान बसतो आणि पडदा काळा राहतो, किंवा कृष्णधवल चित्र सरकत राहतं. म्हणून आता दुसरा फोटो मागवायचा, लेबलचा. ते बहुधा कॅमेऱ्याच्या पोटाशी किंवा वायरवर चिकटवलेलं असतं. समजा त्यावर हे आहे:

```
DS-2CE16D0T-IRPF
```

हिकव्हिजनचा हा क्रमांक तुकड्यांनी वाचायचा. DS-2CE म्हणजे अ‍ॅनालॉग एचडी; आयपी असता तर 2CD आलं असतं. 16 म्हणजे बुलेट. पुढचं D दोन मेगापिक्सेल सांगतं, 1920 बाय 1080 चित्र. तिथे C असतं तर एक आणि H असतं तर पाच. T म्हणजे टीव्हीआय. शेवटचं F इवलंसं, पण कामाचं: हा कॅमेरा टीव्हीआय, एएचडी, सीव्हीआय आणि जुनी पद्धत अशा चारही बोली बोलतो. अशा कॅमेऱ्यांच्या वायरवर एक छोटं बटण असतं. ते हव्या त्या दिशेला साधारण पाच सेकंद दाबून धरलं की बोली बदलते. पडदा काळा दिसला की कॅमेरा परत करण्याआधी हे करून बघावं.

आता डीव्हीआर. त्याच्यावर '1080P Lite' किंवा '1080N' लिहिलं असेल तर आपला कॅमेरा चालेल, पण साठवलं जाणारं चित्र 960 बाय 1080 असेल, म्हणजे आडवे पिक्सेल निम्मे. गेटवरून कोण गेलं ते दिसेल. लांबच्या गाडीचा नंबर वाचताना मात्र अडेल. 'Lite' नसलेला, पूर्ण 1080 घेणारा डीव्हीआर हवा. उलट, दोन मेगापिक्सेलपर्यंतच झेपणाऱ्या डीव्हीआरला पाचचा कॅमेरा लावला तर बहुतेक वेळा चित्रच येत नाही.

लेबल उन्हाने पुसलं असेल आणि कॅमेरा चालू असेल, तर डीव्हीआरलाच विचारा. कॅमेरा जोडल्यावर बरेच डीव्हीआर त्या चौकटीत क्षणभर 1080P25 असं काही दाखवतात: पहिला आकडा ओळींचा, दुसरा सेकंदाला किती चित्रं त्याचा. बिनब्रँड कॅमेऱ्यावर '5 MP' चा स्टिकर आणि पडद्यावर 1080P25 असेल, तर पडद्यावर विश्वास ठेवा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तीन फोटो टाका: वायरचं टोक, कॅमेऱ्याचं लेबल आणि डीव्हीआरचं लेबल. समोरचा फोटो नाही टाकलात तरी चालेल.