भाच्याला पाठवायचं पत्र

देवगडजवळ हापूसच्या बागा असलेलं एक ओळखीचं कुटुंब आहे. मामा बाग बघतात. मोहोरापासून पेटी भरण्यापर्यंतचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचं काम भाचा बघायचा. चार वर्षांत निम्मं गिऱ्हाईक त्या चॅनेलवरून यायला लागलं. या फेब्रुवारीत भाच्याला पुण्यात नोकरी लागली. भांडण नाही, तंटा नाही. चॅनेलवरचा त्याचा प्रवेश मात्र काढायचा होता आणि तसं कळवायचं होतं. घरातल्यांना वाटलं, आपल्याच पोराला पत्र कसलं लिहायचं? मी मामांना म्हटलं, लिहाच.

असं म्हणायला कारण होतं. व्यवसायाच्या वतीने ऑर्डर घेणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस कायद्याच्या भाषेत प्रतिनिधी असतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 208 प्रमाणे प्रतिनिधीचा अधिकार त्याला स्वतःला कळेल तेव्हा त्याच्यापुरता संपतो आणि बाहेरच्या लोकांना कळेल तेव्हा त्यांच्यापुरता. कलमाखालच्या उदाहरणात मालक पत्राने अधिकार काढून घेतो, पण पत्र वाटेत असतानाच प्रतिनिधी माल विकतो. ती विक्री मालकाला पाळावी लागते, वर प्रतिनिधीला दलालीही मिळते. म्हणजे मामांनी मनात ठरवून भागत नाही आणि चॅनेलवरून नाव काढूनही पुरतं भागत नाही.

पत्राआधी एक गोष्ट तपासावी लागते: चॅनेल नेमकं कोणाच्या नावावर आहे? इथे ते भाच्याने ब्रँड अकाउंटवर उघडलं होतं आणि मुख्य मालक म्हणून त्याचंच नाव होतं. मामा नुसते मॅनेजर. अशा वेळी मॅनेजरने पत्र लिहून मालकाला काढता येत नाही. आधी मालकी हातात यावी लागते. ज्याला मुख्य मालक करायचं तो किमान 7 दिवस मालक असावा लागतो, त्यामुळे हे काम माणूस निघून जायच्या आठवडाभर आधी सुरू करायला हवं. भाच्याने मामांना मालक केलं, आठव्या दिवशी मुख्य मालकी दिली, आणि 2 मार्चला संध्याकाळी मामांनी त्याचं नाव काढलं. ज्यांचं चॅनेल ब्रँड अकाउंटवर नाही, त्यांना हे YouTube Studio मध्ये Settings आणि त्यातल्या Permissions खाली सापडतं.

पासवर्ड सगळ्यांना माहीत असेल, तर यादीतून नाव काढून काही होत नाही. मग पासवर्ड बदलायचा, जुन्या फोनवरून लॉगआउट करायचं आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर बघायचा. बहुतेक घरं चुकतात ती या नंबरापाशी. तो गेलेल्या माणसाचाच राहिला, तर नवा पासवर्डही त्याच्या हातात जाऊ शकतो.

मामांचं पत्र एका पानाचं होतं. वर नेहमीसारखे आशीर्वाद, मग सरळ मजकूर: "2 मार्च रोजी संध्याकाळी 6 वाजल्यापासून चॅनेलवरचा तुझा प्रवेश काढला आहे. यापुढे बागेच्या नावाने ऑर्डर किंवा आगाऊ रक्कम घेऊ नकोस. तुझ्याकडे असलेले मूळ व्हिडिओ आणि गिऱ्हाइकांची यादी 10 मार्चपर्यंत दे. तुझा हिशेब सोबत जोडला आहे." काढण्याचं कारण एका ओळीत: नोकरीमुळे तू काम सोडलंस. मला हे फार योग्य वाटलं. अशा पत्रात जुने हिशेब उकरले की प्रवेशाचा मुद्दा बाजूला पडतो आणि उत्तरादाखल दुसरं पत्र येतं. ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि स्पीड पोस्टानेही.

तरी एक गोष्ट राहिलीच. जुन्या व्हिडिओंच्या खालच्या माहितीत भाच्याचाच नंबर होता. 9 मार्चला पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने त्या नंबरावर 2,000 रुपये आगाऊ पाठवले. त्या बाईंना बदल कळायला काही मार्गच नव्हता. मामांनी त्यांना पेटी द्यायचं कबूल केलं आणि भाच्याने रक्कम मामांकडे वळती केली. मग दोघांनी फोनवर बसून एकेक व्हिडिओ उघडला, नंबर बदलला, वर पिन केलेली कमेंट बदलली आणि जुन्या गिऱ्हाइकांना संदेश पाठवला की ऑर्डर आता फक्त मामांकडे.

मामांच्या फायलीत त्या पत्राची प्रत आहे. तिला भाच्याच्या उत्तराची छापील प्रत टाचली आहे: "मामा, पत्र मिळालं. यादी रविवारी घेऊन येतो." खाली वेळ आहे, 2 मार्च, रात्री 8 वाजून 40 मिनिटं.