जुन्या खांबाचे जॅकेट: काँक्रीट किती, सळई किती

जुना आरसीसी खांब न पाडता त्याच्या चारही बाजूंनी नवे काँक्रीट आणि नव्या सळया घालून त्याचा छेद वाढवणे, याला जॅकेटिंग म्हणतात. इमारतीवर मजले चढले, सळया गंजल्या किंवा भूकंपाच्या नव्या निकषांत जुना खांब कमी पडला, की हा उपाय सुचवला जातो. भारतीय मानक ब्युरोच्या 2013 सालच्या ‘आयएस 15988’ या संहितेत त्याचा हिशेब दिलेला आहे. आवश्यक छेदातून जुना छेद वजा केला की उरलेले जॅकेट, इतका तो सरळ वाटतो. प्रत्यक्षात वजाबाकीचे उत्तर जसेच्या तसे वापरता येत नाही.

तळमजल्यावरचा एक खांब उदाहरणादाखल घेऊ. त्याचा छेद 350 बाय 350 मिलिमीटर, काँक्रीट एम 15 आणि नकाशाप्रमाणे 16 मिलिमीटरच्या आठ टोर सळया. इमारतीवर नंतर दोन मजले चढले आहेत. सुरक्षा गुणक धरून या खांबाने आता 1,900 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 190 टन भार पेलायला हवा.

नकाशावर विसंबून राहण्याआधी खांब उघडून पाहावा लागतो. प्लास्टर काढून, फुगलेले कव्हर फोडून आणि सळयांवरचा गंज घासून त्यांचा व्यास मोजतात. समजा, या खांबात तो 14 मिलिमीटर भरला. दोनच मिलिमीटर गेले असे वाटते, पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते 201 वरून 154 चौरस मिलिमीटरवर आलेले असते. जवळजवळ पावपट पोलाद गेले. आठ सळयांचे मिळून आता 1,608 ऐवजी 1,232 चौरस मिलिमीटरच उरले. काँक्रीटचा दर्जाही कोअर काढून, प्रयोगशाळेत दाबून ठरवायचा असतो. इथे तो एम 15 इतकाच निघाला असे धरू.

निव्वळ उभ्या भाराखाली एम 15 काँक्रीटचा प्रत्येक चौरस मिलिमीटर हिशेबात 6 न्यूटन पेलतो आणि टोर सळईचा सुमारे 278. त्यावरून खांबाची आजची क्षमता साधारण 1,070 किलोन्यूटन येते. गरज 1,900 ची आहे.

आता क्षणभर जुना खांब विसरून विचारायचे, की हा भार पेलण्यासाठी पूर्ण छेद किती लागेल? जॅकेटचे काँक्रीट संहितेनुसार जुन्यापेक्षा निदान 5 मेगापास्कलने सरस हवे. म्हणजे किमान एम 20. इथे एम 25 घेऊ. तरी आकारमान काढताना सगळा छेद जुन्याच एम 15 चा धरणे सुरक्षित असते. पोलाद एक टक्का धरले, तर छेदाचा प्रत्येक चौरस मिलिमीटर सरासरी 8.72 न्यूटन पेलतो. त्यावरून सुमारे 2,18,000 चौरस मिलिमीटर छेद आणि 2,180 चौरस मिलिमीटर पोलाद लागते. जुने वजा केल्यावर 95,500 चौरस मिलिमीटर काँक्रीट आणि 948 चौरस मिलिमीटर पोलाद उरते.

संहिता इथे थांबू देत नाही. वजाबाकीतून आलेले काँक्रीट दीडपट करा आणि पोलाद एक-तृतीयांशाने वाढवा, असे ती सांगते. कारण जुना आणि नवा छेद एकजिनसी नसतात. जॅकेट चढते त्या दिवशी जुना खांब आधीच भाराखाली दबलेला असतो. तो भार आपोआप जॅकेटकडे जात नाही. नंतर जो भार वाढेल त्यातलाच वाटा जॅकेटला मिळतो. शिवाय नवे काँक्रीट सुकताना आकसते, जुने मात्र आकसायचे केव्हाच थांबलेले असते. दोघांमधला सांधा ओढला जातो आणि काही ताकद तिथेच वाया जाते. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी आजूबाजूच्या तुळयांना टेकू लावून खांबावरचा भार शक्य तितका उतरवतात. टेकू नीट लागले, तर ते काढल्यावर जॅकेट पहिल्या दिवसापासून भार घेऊ लागते.

गुणक लावल्यावर काँक्रीट सुमारे 1,43,000 आणि पोलाद 1,264 चौरस मिलिमीटर होते. हे काँक्रीट चारही बाजूंना सारखे वाटले, तर जॅकेटची जाडी 83 मिलिमीटर येते. निव्वळ वजाबाकीवर ती 58 च आली असती. पण संहितेनुसार किमान जाडी 100 मिलिमीटर आहे, त्यामुळे खांब 550 बाय 550 चा होतो. पोलादासाठी 12 मिलिमीटरच्या बारा सळया पुरतात. त्यांचे क्षेत्रफळ 1,357 चौरस मिलिमीटर भरते. सगळे मिळून नव्या खांबाची कागदावरची क्षमता सुमारे 2,520 किलोन्यूटन येते, म्हणजे गरजेपेक्षा जवळजवळ एक-तृतीयांश अधिक. खर्च वाचवण्यासाठी या फरकावर कात्री चालवण्याचा मोह होतो, पण सांध्यावर जे वाया जाणार आहे त्याचीच ती तरतूद आहे.

बारा सळया कुठे बसवायच्या, हे कागदापेक्षा जागेवर ठरते. खांबाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर तुळई येऊन टेकलेली असते, त्यामुळे तिथली सळई वरच्या मजल्यावर नेता येत नाही. तुळई 230 मिलिमीटर रुंद असेल, तर 550 च्या बाजूवर तिच्या डावी-उजवीकडे 160 मिलिमीटर मोकळे राहतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तीन सळयांचा पुंजका करतात. एक सळई ऐन कोपऱ्यात आणि तिच्यापासून 70 मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना एकेक. 40 मिलिमीटर कव्हर आणि 10 मिलिमीटरची रिंग धरली, तर कोपऱ्यातल्या सळईचे केंद्र कडेपासून 56 वर आणि शेजारचीचे 126 वर येते. दोन पुंजक्यांमधले अंतर 298 मिलिमीटर राहते, म्हणजे आयएस 456 मधल्या 300 च्या मर्यादेच्या आत. कोपऱ्याबाहेरच्या सळया जुन्या खांबात भोक पाडून इपॉक्सीने बसवलेल्या आकड्यांनी धरून ठेवतात.

रिंगांच्या अंतराचे सूत्र संहितेत आहे. सळईच्या ताकदीला काँक्रीटच्या ताकदीच्या वर्गमुळाने भागायचे, रिंगेच्या व्यासाच्या वर्गाने गुणायचे आणि जॅकेटच्या जाडीने भागायचे. टोर पोलादाचे 415 आणि एम 25 चे 25 घालून 8 मिलिमीटरच्या रिंगेला हे अंतर 53 मिलिमीटर येते. इतक्या दाट जाळीतून काँक्रीट खाली उतरणे कठीण होते. 10 मिलिमीटरच्या रिंगेला ते 83 येते, म्हणून दर 80 मिलिमीटरवर एक रिंग घ्यावी. उभा खांब वाटेत असल्याने बंद रिंग वरून ओवता येत नाही. ती दोन तुकड्यांत करून, टोके 135 अंशांत आत वळवून अडकवावी लागते. आत गेलेली शेपटी व्यासाच्या दहापट, म्हणजे इथे 100 मिलिमीटर हवी. शंभर मिलिमीटरच्या जॅकेटच्या कोपऱ्यात ती बसते, ती जुन्या खांबाचा कोपरा सळईपर्यंत फोडलेला असेल तरच. जागा नाही म्हणून कामगार 90 अंशांतच टोक वळवतो आणि सेंट्रिंग लागल्यावर ते कुणालाही दिसत नाही. भूकंपात अशाच रिंगा उघडतात. सेंट्रिंग बंद करण्याआधी अभियंत्याने जी एक गोष्ट स्वतः पाहायची, ती हीच.

जॅकेटची ताकद अखेर जुन्या पृष्ठभागावर अवलंबून असते. गुळगुळीत खांबावर ओतलेले काँक्रीट त्याला नुसते चिकटून उभे राहते. म्हणून सगळीकडे टाचे मारून खडी उघडी पाडतात, धूळ धुऊन काढतात आणि भार सांध्यातून जाण्यासाठी काटकोनात वाकवलेल्या सळया इपॉक्सीने खांबात रोवतात. जोडरसायन लावायचे असेल, तर ते ओले असतानाच काँक्रीट पडले पाहिजे. सेंट्रिंगला उशीर होऊन ते वाळले, तर जोडण्याऐवजी वेगळे करणारा थर तयार होतो. नवी सळई आणि जुना खांब यांच्यात जेमतेम 38 मिलिमीटर जागा असते. तिथे वीस मिलिमीटरची खडी अडकते. त्यामुळे बारीक खडीचे प्रवाही काँक्रीट किंवा मायक्रोकाँक्रीट वापरतात.

ते स्लॅबला पाडलेल्या भोकांतून ओततात. थोडे खाली बसल्यावर तुळईखाली फट राहते, आणि जॅकेटने भार उचलायचा असेल, तर ती न आकसणाऱ्या ग्राउटने भरावीच लागते. सेंट्रिंग निघाल्यावर हातोडीने टकटक केल्यास पोकळ जागी आवाज बद्द येतो. तुळईखाली आडवी बारीक रेघ दिसली, तर माथा नीट भरलेला नाही असे समजावे.

नव्या सळयांची सुरुवात आणि शेवटही महत्त्वाचा असतो. त्या जमिनीच्या पातळीवर सुरू झाल्या आणि छताखाली थांबल्या, तर जॅकेट जुन्या खांबाला फक्त आवळून धरते. वाकण्याचा जोर जिथे सर्वांत जास्त असतो त्या सांध्यांवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून पाया उघडून त्यात भोके पाडतात, सळया इपॉक्सीने रोवतात आणि वर स्लॅबमधून पुढच्या मजल्यात नेतात. त्याच वेळी पायाही तपासायचा. तीन मीटर उंचीच्या या जॅकेटचे स्वतःचेच वजन सुमारे 1,350 किलो भरते आणि वाढलेला 1,900 किलोन्यूटनचा भारही शेवटी जमिनीतच जाणार असतो.

जॅकेटमुळे खांबाचा ताठपणा किती बदलतो, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. चौकोनी खांबाचा ताठपणा बाजूच्या चौथ्या घाताने वाढतो. 350 चा खांब 550 चा झाला, की तो सुमारे सहापट ताठ होतो. भूकंपाचा आडवा जोर ताठ खांबाकडे जास्त जातो. एका कोपऱ्यातला गंजलेला खांब तेवढा जाडजूड केला आणि बाकीचे तसेच सोडले, तर इमारत त्या कोपऱ्याभोवती पिळवटू लागते. भूकंपासाठी जॅकेट करायचे तर कोणते खांब घ्यायचे, हे सगळ्या इमारतीचे गणित करून ठरवावे लागते. इथला हिशेब निव्वळ उभ्या भाराचा आहे. आडव्या जोराने वाकणारा खांब असेल, तर भार आणि वाकण्याचा जोर दोन्ही एकत्र धरून छेद काढतात. वजाबाकी आणि दोन गुणकांची पद्धत मात्र तीच राहते.

समुद्राकाठच्या इमारतींत आणखी एक अडचण येते. जुन्या काँक्रीटमध्ये क्षार मुरलेले असतील आणि ते तसेच आत ठेवून जॅकेट चढवले, तर आतल्या सळया गंजतच राहतात. नव्या काँक्रीटमागे ते वर्षानुवर्षे कळत नाही. अशा खांबाचे क्षारयुक्त काँक्रीट सळयांच्या मागेपर्यंत फोडून काढावे लागते आणि जॅकेटच्या हिशेबातून तेवढा जुना छेदही कमी धरावा लागतो.