कातकऱ्याचा रकाना

पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर लिहिलेला कुठलाही अहवाल उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटते: ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने कातकऱ्यांना गुन्हेगार जमात ठरवले. वाक्य सहानुभूतीने लिहिलेले असते आणि त्यामागची वेदना खरी असते. तारीख मात्र जुळत नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध एवढ्यांपुरताच होता. 1876 मध्ये तो बंगालला लागू झाला. मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला तो 1911 च्या नव्या कायद्याने. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कातकऱ्यावर 1871 साली हा कायदा लागूच होऊ शकत नव्हता. महाराष्ट्रात आज विमुक्त जातींची जी चौदा नावांची यादी आहे, तिच्यात रामोशी, कैकाडी, कंजारभाट, राजपूत भामटा आहेत, कातकरी नाहीत. ते अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत.

मग चोर म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची जी सवय या भागात मुरली आहे, ती आली कुठून? संस्थांचा वंशेतिहास शोधणारा अभ्यास हाच प्रश्न विचारतो. कुठल्या एका दुष्ट कायद्याच्या जन्मदिवसावर तो समाधान मानत नाही. नीत्शेने 1887 मध्ये नीतिकल्पनांची वंशावळ शोधली आणि मिशेल फूको या फ्रेंच अभ्यासकाने ती रीत वेड, दवाखाना आणि तुरुंग यांच्या इतिहासाला लावली. 1975 च्या तुरुंगावरच्या ग्रंथाची सुरुवात तो 1757 मध्ये पॅरिसमध्ये दामियाँ नावाच्या माणसाचे भर चौकात हाल करून झालेल्या वधाने करतो आणि त्यालगतच सुमारे ऐंशी वर्षांनंतरच्या तरुण कैद्यांच्या एका तुरुंगाचे वेळापत्रक ठेवतो: कधी उठायचे, कधी प्रार्थना, कधी काम. शिक्षा सौम्य झाली, असे आपण म्हणतो. फूको म्हणतो, शिक्षा शरीरावरून उठली आणि माणसाच्या स्वभावावर जाऊन बसली. आता गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही जाणून घ्यायचा होता. त्यासाठी त्याला पाहणे, त्याची नोंद ठेवणे, इतरांशी त्याची तुलना करणे आले. या खटाटोपातून जे ज्ञान जमले, त्याच्याच जोरावर पुढची देखरेख चालली. सत्ता आणि ज्ञान एकमेकांना पोसतात, एवढाच त्याचा मुद्दा. 'ज्ञान म्हणजे सत्ता' ही पाठ्यपुस्तकी घोषणा त्याने कधी केली नाही.

कुलाब्याकडे येऊ. कातकरी हे नावच काताशी बांधलेले. खैराचे झाड तोडायचे, आतल्या लाल गाभ्याचे कपचे काढायचे, ते मडक्यांत उकळायचे आणि घट्ट झालेला रस वाळवून विकायचा, हा त्यांचा धंदा. 1878 च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले आखली आणि खैर तोडणे परवानगीचे काम झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला. दारू गाळणे हा सरकारचा आणि मक्तेदाराचा हक्क ठरला. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांकडे बोट ठेवून मोहाचा स्वतंत्र कायदा झाला आणि मोहाची फुले घरात साठवण्यावरही बंधन आले. म्हणजे चौदा वर्षांत लाकूड, दारू आणि फूल अशा तीन रोजच्या गोष्टी गुन्ह्याच्या बाजूला गेल्या. माणसे पूर्वी जे करत होती तेच करत राहिली.

या तारखांच्या मधोमध, 1883 साली, मुंबई गॅझेटिअरचा कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा खंड छापून आला. जेम्स कॅम्बेलने संपादित केलेल्या या मालिकेत प्रत्येक जातीला काही ओळी दिलेल्या आहेत: रंग, बांधा, घर, अन्न, देव, लग्न आणि शेवटी स्वभाव. कातकऱ्यांच्या वाट्याला दारू आणि भुरट्या चोऱ्यांशी जोडलेली प्रतिमा आली. माहिती देणारे बहुधा महसूल आणि पोलीस खात्यांतले. त्यांच्या नजरेस कातकरी पडायचा तो जंगलात किंवा भट्टीवर पकडला गेल्यावर. नवे कायदे ज्याला गुन्हा ठरवत होते, तेच या पानावर जातीचा स्वभाव म्हणून लिहिले गेले. पुढचा अधिकारी हा खंड वाचूनच जिल्ह्यात येणार. गुन्हेगार जमात म्हणून अधिसूचना निघो वा न निघो, संशयाला आता छापील आधार मिळाला होता. म्हणूनच 1871 ची चूक मला क्षुल्लक वाटत नाही. सगळा दोष एका कायद्यावर टाकला की तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला म्हणजे प्रश्नही संपला, असे वाटू लागते. गॅझेटिअरचे पान रद्द करायला कुठली तारीख नसते.

तुरुंगाचे थोडक्यात सांगतो. जिल्ह्याचा तुरुंग अलिबागच्या हिराकोटात आहे. कान्होजी आंग्र्यांच्या काळातली, 1720 ची, काळ्या दगडांची ती गढी आहे. बेंथमने कल्पिलेला, मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडी दिसेल असा गोल तुरुंग तिथे शोधू नये. फूकोचे आकृतिबंध भारतात जसेच्या तसे उतरले नाहीत, हे डेव्हिड अर्नोल्डसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. इथल्या तुरुंगात देखरेख करायला पुरेशी माणसेच नव्हती. कैद्यांतूनच मुकादम नेमले जात आणि स्वयंपाक, झाडलोट ही कामे जात पाहून दिली जात. व्यक्ती घडवण्याऐवजी इथल्या तुरुंगाने जात गिरवली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवर ताशेरे ओढले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले.

शाळेच्या नोंदवहीतला हाच रकाना मात्र काढता येत नाही. इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते.

कातकरी मूल पहिलीला आले की जनरल रजिस्टरमध्ये त्याची जात लिहिली जाते. दिवाळी झाली की आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल सोबत गेले तर हजेरीपटावर गैरहजर, मग अनियमित, मग शाळाबाह्य. शाळेचे वर्ष जून ते एप्रिल चालते, भट्टीचे दिवाळी ते मे. दोन कॅलेंडरे एकमेकांवर आदळतात आणि नोंद मुलाच्या नावावर होते. आश्रमशाळा हा त्यावरचा उपाय: मूल वाडीतून काढून निवासात ठेवायचे. पहाटेची घंटा, प्रार्थना, रांग, गणवेश, बोली सोडून प्रमाण मराठी. फूकोने 1840 मध्ये उघडलेल्या मेत्रे इथल्या मुलांच्या वसाहतीचे केलेले वर्णन वाचताना हे वेळापत्रक डोळ्यांपुढे येते. पण त्या आश्रमशाळेतून बाहेर पडणारी मुलगी नर्स होते आणि वाडीत परत येते, हेही खरे. शिस्त माणसाला वाकवते आणि त्याच्या अंगी कौशल्यही घालते. फूकोला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, त्याच्या अनुयायांना बहुधा पहिलीच आठवते.

शाळा सोडल्याचा दाखला पुढे जातीच्या दाखल्याचा आधार होतो. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख कळीची. त्या दिवशी किंवा त्याआधी आपले पूर्वज इथे राहत होते आणि त्याच जमातीचे होते, असे कागदाने दाखवावे लागते. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या झोपडीखालची जागा कधीच त्यांच्या नावावर नव्हती, त्यांनी 1950 पूर्वीचा कागद आणायचा कुठून? कागद अपुरा पडला की पडताळणीत आप्तभाव चाचणी येते. दक्षता पथक विचारते: तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मयताला काय करता, बोलीत अमुक वस्तूला काय म्हणता? 1994 च्या माधुरी पाटील निकालाने या पद्धतीला घट्ट रूप दिले. उत्तरे पडताळायला समित्या वापरतात ते ग्रंथ बरेचदा वसाहतकाळातले असतात. मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेनचे 1920 ते 1922 मधले खंड त्यांत ठरलेले. म्हणजे परीक्षार्थी आजचा, उत्तरसूची शंभर वर्षांपूर्वीची. शिकलेल्या, धर्मांतरित झालेल्या किंवा शहरात वाढलेल्या मुलाने आजीचे लग्नगीत विसरावे हे स्वाभाविक. चाचणीत तेच त्याच्या विरुद्ध जाते. मार्च 2023 मध्ये ठाकूर जमातीशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही चाचणी निर्णायक कसोटी होऊ शकत नाही. ठाकूर हे कातकऱ्यांचेच याच डोंगरांतले शेजारी. खोटे दाखले घेऊन राखीव जागा बळकावणारेही आहेत, म्हणून पडताळणी नको असे म्हणता येणार नाही. फक्त एकाच्या चोरीची शिक्षा दुसऱ्याच्या आजीच्या गाण्याला होऊ नये.

दवाखान्यात रकान्याऐवजी आकडा भेटतो. अंगणवाडीत मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित. कुपोषण म्हणजे सत्तेने रचलेली कल्पना आहे, असे म्हणणे क्रूर ठरेल. भूक खरी असते आणि पट्टी ती वेळेवर पकडते. वंशेतिहासाचा प्रश्न वेगळा आहे: ही पट्टी कुठे पोचते? मोजमाप अंगणवाडीच्या हद्दीत होते, मूल भट्टीवर असते. ते यादीत 'स्थलांतरित' होते आणि अंगणवाडीच्या कुपोषणाच्या टक्केवारीतून निसटते. हिवाळ्यात वाडीचा आकडा सुधारलेला दिसला तर आधी वाडीत माणसे किती आहेत हे विचारावे.

आता दळीची गोष्ट, कारण तिच्यात हा सगळा पीळ उलटा फिरतो. डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही इथल्या आदिवासींची शेती. वन खात्याला ती जंगलाची नासधूस वाटली. तिला आवर घालायला त्यांनी काही पट्टे आखले, ते वाडीच्या म्होरक्याच्या नावे दिले आणि नोंदवहीत चढवले. या दळी नोंदींचा हेतू नियंत्रणाचा होता: कोण, कुठे, किती. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मागण्याची वाट उघडली आणि रोहा-पेण परिसरातल्या दाव्यांत याच नोंदी मोलाच्या झाल्या. माणसांना जागी बांधून ठेवणारी वही आता त्यांची साक्षीदार झाली. पण वहीत म्होरक्याचे एकच नाव असते आणि कसणारी कुटुंबे अनेक. नातवंडांत जमीन कशी वाटली गेली ते वहीला माहीत नाही. कुंपणासारखी सरळ रेघ दळीला नसतेच. तिची हद्द ओढा, कातळ, आंब्याचे झाड यांनी ठरते.

यावर कायद्याच्या नियमांनी एक सोय ठेवली आहे. तेराव्या नियमात पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन धरले आहे आणि 2012 च्या दुरुस्तीने, विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये, असे समित्यांना बजावले आहे. फूकोने 1976 च्या व्याख्यानांत ज्याला दडपलेले ज्ञान म्हटले, ते इथे नियमात क्रमांक घेऊन बसले आहे. प्रत्यक्षात दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीतून उपविभागीय समितीकडे गेला की अधिकारी पुन्हा दंडाची पावती, जुना नकाशा किंवा वन खात्याची नोंद मागतो. दंडाची पावती म्हणजे अतिक्रमणाबद्दल झालेल्या शिक्षेचा कागद. ज्याला वनरक्षकाने पकडले त्याच्याकडे पुरावा असतो. ज्याने गुपचूप, कुणाला त्रास न देता जमीन कसली त्याच्याकडे नसतो. म्हणून वाडीत दावा भरताना आधी म्हाताऱ्यांना जमिनीवर नेतात, ते हद्दीची झाडे आणि ओढे नावानिशी सांगतात, कुणीतरी ते लिहून घेतो, आणि मग घराच्या कुडात किंवा पेटीत खोचलेली पावती शोधायला सुरुवात होते.