इसबगोलाने पोट साफ व्हायचं, मग फुगतं का?

आज मी तुमच्याशी ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरातून बोलतो आहे. समोर टेबलावर दोन काचेचे ग्लास आहेत आणि इसबगोलाच्या भुशीचा डबा आहे. त्याचं कारण आधी सांगतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझं चालणं कमी झालं आणि पोट साफ होण्याची तक्रार सुरू झाली. मग एका रात्री जेवणानंतर मी भुशीचे दोन मोठे चमचे अर्धी वाटी पाण्यात कालवून घेतले आणि झोपलो. शिवाय "फायबर वाढवायचं" म्हणून त्याच आठवड्यात रोज उकडलेले हरभरे आणि राजमा सुरू केला. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं झालं. घाटाच्या पायऱ्या चढताना पट्ट्याचं भोक बदलावं लागलं! मी भुशीला दोष देऊन डबा कपाटात टाकला.

फौजेतल्याच एका जुन्या डॉक्टर मित्राला फोन केला. तो हसून म्हणाला, "अरे, औषध बरोबर आहे, तुझा हिशोब चुकला. आधी ते ग्लासात घालून बघ."

तेच आता करू या. या पहिल्या ग्लासात पाव लिटर पाणी आहे, त्यात एक छोटा चमचा भुशी घातली. दुसऱ्यात तेवढीच भुशी, पण पाणी चारच चमचे. दहा मिनिटांनी पाहा. पहिल्यात सैल, बुळबुळीत खळ झाली आहे. दुसऱ्यात घट्ट गोळा आहे, चमचा उभा राहील असा.

इसबगोलाच्या भुशीतला मोठा भाग विद्राव्य तंतूंचा असतो. हे तंतू पाणी धरून जेली बनवतात. लहान आतड्यात आपली पाचकद्रव्यं त्यांना तोडू शकत नाहीत, म्हणून ही जेली पाण्यासकट मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. एरवी मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेतं आणि मळ कडक होतो. जेली मात्र आपलं पाणी सहज सोडत नाही, त्यामुळे मळ मऊ राहतो आणि त्याचा आकार वाढतो. पातळ शौच होत असेल, तर हीच जेली सुटं पाणी धरून ठेवते. एकच वस्तू दोन्ही तक्रारींत कशी चालते, ते यावरून कळतं.

मग फुगतं का? बहुतेकांना वाटतं, भुशी आतड्यात आंबते आणि वायू होतो. खरं तर इसबगोल फारच थोडं आंबतं. फुगवटा मुख्यतः दोन गोष्टींनी येतो. एक म्हणजे आकारमान: आधीच कडक मळ साचलेला आणि त्यामागे फुगलेली जेली येऊन थांबलेली. दुसरी म्हणजे आतड्यात रोज असणारा वायू या दाट मालामागून सावकाश सरकतो आणि तेवढा वेळ पोट ताणलं जातं. ज्यांचं आतडं नाजूक आहे त्यांना हा ताण जास्त जाणवतो.

माझ्या बाबतीत वायूचा खरा कारखाना हरभरा आणि राजमा होता. त्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या झपाट्याने आंबवतात आणि वायू तयार होतो. दोन्ही गोष्टी एकदम सुरू केल्यामुळे दोष कुणाचा, हे मला कळलंच नाही.

मग मी असं केलं. कडधान्यं पूर्वीइतकीच ठेवली. पहिला आठवडा रोज एकच छोटा चमचा भुशी, पाव लिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायची आणि वर आणखी अर्धा ग्लास पाणी. झोपताना न घेता संध्याकाळी, फिरायला जाण्याआधी. दुसऱ्या आठवड्यात सकाळी आणखी एक चमचा. पहिले चार दिवस पोट थोडं जड वाटलं, दहाव्या दिवसापर्यंत ते गेलं आणि शौच सुरळीत झालं. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी चमचे वाढवू नका. इतर गोळ्या भुशीच्या आधी किंवा नंतर दोन तासांच्या अंतराने घ्या, कारण जेली त्यांचं शोषण लांबवू शकते.

आता मर्यादा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, किंवा ज्यांचं आतडं अरुंद झालेलं आहे त्यांनी भुशी घेऊ नये. तो दुसरा ग्लास आठवा, तसा गोळा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी आधी विचारावं. नेहमीचा फुगवटा वायू सरला की उतरतो. पण पोट टणक होऊन कळा येत असतील, उलट्या होत असतील, वायूही सरत नसेल, तर भुशी बंद करून थेट दवाखाना गाठा. शौचात रक्त दिसलं किंवा वजन आपोआप घटू लागलं, तर तपासणी करून घ्या, चमच्यांचे प्रयोग करत बसू नका.

माझा डबा आता कपाटातून बाहेर, पाण्याच्या तांब्याशेजारी असतो.