राज्याभिषेकाचा साक्षीदार कोण?

6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तिथे हजर होता. त्याने त्या वेळी लिहिलेली हकीकत हे प्राथमिक साधन. जदुनाथ सरकारांनी अशीच साधने तपासून 1919 मध्ये इंग्रजी शिवचरित्र प्रसिद्ध केले. ते दुय्यम साधन.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर मधोमध येते. लेखक महाराजांच्या पदरी होता, पण त्याने ती सुमारे दोन दशकांनंतर, राजाराम महाराजांसाठी जिंजीत लिहिली. म्हणून ती प्राथमिक मानली, तरी तिच्यातील खर्चाचे आकडे ऑक्झेंडनच्या नोंदीइतक्या खात्रीने घेता येत नाहीत.

संदर्भ देताना दुय्यम ग्रंथासाठी लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ पुरते. प्राथमिक साधनासाठी कागद कोणाचा, कोणत्या तारखेचा आणि कुठे सापडतो हे सांगावे लागते: ‘हेन्री ऑक्झेंडनची हकीकत, 1674, इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी, शिवचरित्र कार्यालय, पुणे, 1931, पृ. अमुक.’ मूळ कागद पाहिला असेल, तर दप्तरखान्याचे नाव आणि दप्तराचा क्रमांक द्यावा.

सर्वांत जास्त चूक इथे होते: विद्यार्थी ऑक्झेंडनचे वाक्य सरकारांच्या पुस्तकात वाचतो आणि तळटीपेत फक्त ऑक्झेंडनचे नाव घालतो. तिथे ‘ऑक्झेंडन, उद्धृत: सरकार, पृ. अमुक’ असेच लिहावे. सरकारांनी वाक्य गाळले किंवा संक्षेपाने दिले असेल, तर वाचकाला ते पडताळता येते.